परगावी दुकान न उघडता हळद पावडर कशी विकाल?



हळदीची पावडर करून पाकिटे विकणाऱ्या कुटुंबांची अडचण बहुधा एकाच टप्प्यावर येते. आपल्या गावात, आठवडी बाजारात आणि तालुक्याच्या ठिकाणी ओळखीची गिऱ्हाइके असतात. महिन्याला तीनशे-चारशे पाकिटे सहज खपतात आणि तेथेच विक्री थांबते. घरात मात्र पोत्यांनी हळद शिल्लक असते. अशा वेळी मोठ्या शहरात आपलेच दुकान टाकावे, असा विचार मनात येतो. दुकान न टाकताही परगावच्या पन्नास-साठ दुकानांत आपले पाकीट ठेवता येते. त्यासाठी तेथील घाऊक विक्रेता आणि किरकोळ दुकानदार यांची साखळी वापरावी लागते. ही साखळी फुकट काम करीत नाही. तिला किती द्यायचे, माल कोणाकडे द्यायचा आणि माल खरोखर खपतो आहे की नाही हे कसे ओळखायचे, याची माहिती या लेखात दिली आहे.

उदाहरणासाठी असे समजू की वसमत तालुक्यातील एक कुटुंब सेलम जातीच्या हळदीची २०० ग्रॅमची पाकिटे तयार करते आणि त्याला लातूर शहरात विक्री करायची आहे. खालील सर्व दर हिशेब समजण्यासाठी घेतलेले आहेत. आपले दर घालून हाच हिशेब आपण करावा.

१. हिशेब दुकानाच्या फळीपासून मागे करावा

बहुतेकजण आपला खर्च काढतात, त्यावर नफा चढवतात आणि तो दर व्यापाऱ्याला सांगतात. परगावच्या विक्रीत ही पद्धत उपयोगाची नाही. गिऱ्हाईक फळीवर शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या पाकिटाची किंमत पाहून निर्णय घेते. म्हणून आधी लातूरच्या आठ-दहा दुकानांत जाऊन त्याच वजनाची पाकिटे किती रुपयांना आहेत ते लिहून आणावे आणि त्यात बसेल अशी कमाल किरकोळ किंमत ठरवावी. आपल्या उदाहरणात ती ७२ रुपये धरू. आता एकेकाचा वाटा वजा करीत घरापर्यंत यावे.

किरकोळ दुकानदाराला त्याच्या खरेदीवर २० टक्के सुटायला हवेत असे धरले, तर त्याला पाकीट ६० रुपयांना पडले पाहिजे. घाऊक विक्रेत्याला त्याच्या खरेदीवर ८ टक्के धरले, तर त्याला ते साधारण ५५ रुपये ५० पैशांना पडले पाहिजे. या रकमेत हळद पावडरीवरचा ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. तो वेगळा काढला की आपल्या हाती ५२ रुपये ८६ पैसे उरतात. परंतु ही रक्कमही पूर्ण आपली नाही. त्यातून पुढील खर्च जातात :

- लातूरपर्यंत ट्रान्सपोर्टचे भाडे, पाकिटामागे १ रुपया २० पैसे
- सुरुवातीची योजना, वीस पाकिटांवर एक मोफत, म्हणजे २ रुपये ५२ पैसे
- फुटलेली व परत आलेली पाकिटे, सुमारे ५० पैसे
- तीस दिवसांच्या उधारीत अडकलेल्या पैशाचे वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज, ५५ पैसे

हे वजा जाता पाकिटामागे सुमारे ४८ रुपये ९ पैसे राहतात.

आता घरचा खर्च पाहू. येथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. आपल्या शेतातील हळद पिकवायला किती खर्च आला ते येथे धरू नये. तीच हळद त्या दिवशी बाजार समितीत विकली असती तर काय दर मिळाला असता, तो धरावा. नाहीतर पावडर करून आपण कमावले की गमावले हे कधीच कळणार नाही. तो दर किलोला १४० रुपये धरू. साफसफाई आणि दळणातील घट जमेस धरता २०० ग्रॅम पावडरीला सुमारे २१० ग्रॅम पॉलिश केलेली हळद लागते. तिचे २९ रुपये ४० पैसे झाले. दळणाई २ रुपये १० पैसे, पाऊच व खोक्याचा वाटा ३ रुपये ३० पैसे, भरण्याची मजुरी १ रुपया ५० पैसे, तपासणी, परवाना, वीज वगैरे १ रुपया २० पैसे. एकूण खर्च ३७ रुपये ५० पैसे झाला. म्हणजे घाऊक विक्रेत्यामार्फत पाकिटामागे सुमारे १० रुपये ५९ पैसे उरतात. सुरुवातीची योजना बंद झाली की ही रक्कम तेरा रुपयांच्या आसपास जाईल.

येथे शब्दांचा एक घोटाळा नेहमी होतो, त्याकडे लक्ष द्यावे. दुकानदार ‘वीस टक्के द्या’ म्हणतो तेव्हा ते त्याच्या खरेदीवर की छापील किमतीवर, हे त्याच वेळी विचारावे. खरेदीवर वीस टक्के म्हणजे पाकिटाला १२ रुपये. छापील किमतीवर वीस टक्के म्हणजे १४ रुपये ४० पैसे. हा फरक खाली उतरत आपल्या घरी येईपर्यंत पाकिटामागे जवळजवळ दोन रुपयांचा होतो आणि साडेदहा रुपयांचा नफा साडेआठ रुपयांवर येतो. बोलणी टक्क्यांत न करता रुपयांत करावीत, म्हणजे वाद राहत नाही.

२. दुकान की घाऊक विक्रेता?

घरच्या गल्ल्यावर हेच पाकीट ७२ रुपयांना विकले तर कर वजा जाता ६८ रुपये ५७ पैसे मिळतात. त्यामुळे घाऊक विक्रेत्याकडून मिळणारे ४८ रुपये फार कमी वाटतात आणि ‘मधले वीस रुपये कशाला सोडायचे?’ असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर हिशेबानेच शोधावे.

लातुरात छोटे दुकान घेतले तर भाडे ८,००० रुपये, एका माणसाचा पगार १०,००० रुपये आणि वीज वगैरे १,००० रुपये, असा महिन्याला १९,००० रुपये ठरलेला खर्च धरू. ट्रान्सपोर्ट येथेही द्यावे लागेल. ते वजा केल्यावर दुकानातून विकलेल्या पाकिटात घाऊक विक्रीपेक्षा १९ रुपये २८ पैसे जास्त मिळतात. १९,००० ला या आकड्याने भागले की सुमारे ९८५ येतात. याचा अर्थ असा की महिन्याला ९८५ पाकिटे, म्हणजे रोज तेहतीस पाकिटे, त्या एका दुकानातून खपली तर आपण फक्त घाऊक विक्रीच्या बरोबरीला येतो. नुसती हळद घ्यायला रोज तेहतीस गिऱ्हाइके एका अनोळखी दुकानात येणे अवघड आहे. तीच ९८५ पाकिटे साठ किराणा दुकानांतून विकायची असतील, तर प्रत्येक दुकानात महिन्याला सोळा-सतरा पाकिटे गेली तरी पुरे. त्या दुकानांत गिऱ्हाईक तूरडाळ आणि साखर घ्यायला रोज येतच असते.

म्हणजे मधले वीस रुपये हे साठ दुकानांचे भाडे, त्यांची माणसे आणि तेथपर्यंत माल पोहोचवणारी गाडी यांचे आहेत. फरक एवढाच की हे भाडे पाकीट खपल्यावर द्यावे लागते, दुकानाचे भाडे पाकीट खपले नाही तरी द्यावे लागते.

३. माल कोणाच्या हाती द्यावा?

‘होलसेलर’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या प्रकारचे लोक येतात. त्यांच्यातील फरक न कळल्याने पुष्कळ माल गोदामात पडून राहतो.

पहिला प्रकार म्हणजे बाजारपेठेतला ठोक किराणा व्यापारी. लातूरला गंजगोलाईच्या परिसरात असे व्यापारी दिसतील. खेड्यापाड्यांतले आणि शहरातले किरकोळ दुकानदार यादी घेऊन त्यांच्याकडे येतात. हा व्यापारी थोड्या नफ्यावर, साधारण तीन ते पाच टक्क्यांवर, जास्त माल फिरवतो आणि बहुधा पैसेही लवकर देतो. परंतु तो माल घेऊन कोणाच्या दारात जात नाही. दुकानदार मागेल तेच तो देतो. आपले पाकीट अजून कोणी नाव घेऊन मागत नसेल, तर ते त्याच्याकडे तसेच राहते. त्यात त्याचा दोष नाही, त्याचा धंदाच तसा आहे.

दुसरा प्रकार म्हणजे वितरक, ज्याला लोक ‘एजन्सी’ म्हणतात. त्याच्याकडे गाडी आणि सेल्समन असतात. शहराचे भाग पाडून ते ठरलेल्या वारी ठरलेल्या दुकानांत जातात, मागणी लिहून घेतात, माल पोहोचवतात आणि उधारी गोळा करतात. या कामासाठी वितरक साधारण आठ ते दहा टक्के मागतो. नव्या पाकिटाची सुरुवात अशा वितरकाकडूनच करावी. पाकिटाला मागणी आली, दुकानदार नाव घेऊ लागले, की मग आजूबाजूच्या खेड्यांसाठी ठोक व्यापाऱ्याला माल देता येतो.

वितरक निवडताना सर्वांत मोठ्याकडे जाऊ नये. ज्याच्याकडे नामांकित कंपन्यांचे मसाले आहेत, त्याचा सेल्समन आपल्या हळदीसाठी दुकानात दोन मिनिटेही थांबणार नाही. ज्याच्याकडे पापड, शेवया, लोणची, पोहे असा माल आहे पण हळद नाही, असा मध्यम वितरक पाहावा. तो कसा आहे हे त्याला न विचारता त्याच्या गिऱ्हाइकांना विचारावे. आठ-दहा किराणा दुकानांत जाऊन ‘यांची गाडी दर आठवड्याला येते का? खराब माल बदलून देतात का?’ असे विचारले की खरे चित्र कळते. त्याला माल देणाऱ्या दुसऱ्या एखाद्या लहान उत्पादकाला ‘पैसे किती दिवसांत येतात?’ हेही विचारावे.

याशिवाय सेंद्रिय मालाची दुकाने, बचत गटांची विक्री केंद्रे आणि काही मोठी औषधी व सुक्या मेव्याची दुकाने पुनर्विक्रीसाठी थेट माल घेतात. ती टक्केवारी जास्त मागतात आणि खपही थोडा असतो. मात्र मध्ये वितरक नसल्याने हिशेब जमू शकतो. अशी दुकाने आपल्याकडे ठेवावीत, पण ती कोणती हे वितरकाला आधी सांगावे.

४. पहिली खेप लहान ठेवावी

पहिल्या वेळी २० खोकी, प्रत्येकी ३० पाकिटांची, म्हणजे ६०० पाकिटे पुरेशी आहेत. त्यातली ३०० पाकिटे तीस दुकानांत, प्रत्येकी दहा, अशी ठेवण्यास सांगावे. उरलेली ३०० पुन्हा मागणी आली तर देण्यासाठी गोदामात असावीत. एकदम शंभर दुकानांत दोन-दोन पाकिटे टाकू नयेत. दोन पाकिटे फळीवर मागे सरकतात आणि दिसत नाहीत.

पहिल्या फेरीला घरातील एकाने तीन-चार दिवस सेल्समनबरोबर गाडीवर जावे. दुकानदारासमोर एक पाकीट फोडून हळद कागदावर ओतून दाखवावी, वास घेऊ द्यावा आणि ते पाकीट त्याच्या घरी वापरायला द्यावे. गिऱ्हाईक ‘ही कशी आहे?’ म्हणून विचारते तेव्हा उत्तर दुकानदार देतो. त्याने स्वतः वापरली असेल तरच तो चार शब्द बोलेल.

पाकिटे उन्हात टांगू नयेत, हेही याच वेळी सांगावे. उजेडाने हळदीचा पिवळा रंग फिका पडतो. म्हणून पारदर्शक पाऊचऐवजी आतून थर असलेला, उजेड न जाऊ देणारा पाऊच वापरावा. पावडर गोळे धरू लागली तर पाऊचची शिवण नीट बसली नाही किंवा भरताना ओलावा जास्त होता, असे समजावे. पावडरीतील ओलावा दहा टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. पाकिटाला टाचणीने टोचल्यासारखी बारीक गोल छिद्रे दिसली तर आत भुंगेरे आहेत. ती सर्व खेप तत्काळ परत घ्यावी. घरी विकलेले खराब पाकीट शेजारी परत आणून देतो. परगावचे गिऱ्हाईक परत करीत नाही, ते पुन्हा घेत नाही, आणि आपल्याला कारणही कळत नाही.

५. वितरकाने घेतलेला माल म्हणजे खपलेला माल नव्हे

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. आपण बिल फाडले म्हणजे विक्री झाली असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पाकीट आपल्या गोदामातून दुसऱ्याच्या गोदामात गेलेले असते. विक्री होते ती गिऱ्हाइकाने पाकीट पिशवीत टाकल्यावर.

उदाहरणातील कुटुंबाने पहिल्या महिन्यात ६०० पाकिटे दिली. दुसऱ्या महिन्यात वीसवर एक मोफत ही योजना पाहून वितरकाने ९०० पाकिटे मागितली. मोफत पाकिटे सोडून दोन महिन्यांत १,५०० पाकिटांचे, म्हणजे ८३,२५० रुपयांचे बिल झाले. वहीत पाहिले तर विक्री दीडपट वाढली. परंतु तीस दुकानांत फिरून मोजले तेव्हा असे दिसले की प्रत्येक दुकानात महिन्याला तीन-चार पाकिटेच जातात. दोन महिन्यांत एकूण २१० पाकिटे खपली आणि १,२९० साखळीत पडून आहेत. महिन्याला १०५ या वेगाने ती संपायला बारा महिन्यांहून अधिक लागतील. पाकिटावर ‘भरल्यापासून बारा महिन्यांच्या आत वापरावे’ असे छापले असेल, तर त्यातले दोन महिने आधीच गेले आहेत. म्हणजे शेवटची शेकडो पाकिटे मुदत संपून परत येणार. ८३,००० रुपयांपैकी पुष्कळशी येणीही त्यांच्याबरोबर अडकणार.

हे आधी ओळखण्याचे उपाय सोपे आहेत. दर महिन्याला ठरावीक पंधरा दुकानांत जाऊन फळीवरची पाकिटे मोजावीत आणि त्याच दिवशी वितरकाच्या गोदामातली खोकी मोजावीत. मागच्या वेळची शिल्लक अधिक मधल्या काळात दिलेला माल, त्यातून आजची शिल्लक वजा केली की खप मिळतो. साखळीत दोन महिन्यांच्या खपापेक्षा जास्त माल दिसला तर पुढची खेप थांबवावी, वितरक मागत असला तरीही.

दुसरा उपाय खेप क्रमांकाचा आहे. प्रत्येक पाकिटावर खेप क्रमांक असतोच. तो असा ठेवावा की त्यावरून महिना आणि माल कोणत्या शहराला दिला, दोन्ही आपल्याला कळेल. जूनमध्ये माल पाठवला आणि ऑगस्टमध्ये फळीवर अजून जानेवारीची खेप असेल तर माल फिरत नाही. लातूरची खेप नांदेडच्या दुकानात दिसली तर वितरक आपल्या भागाबाहेर माल विकतो आहे.

दुकानामागे महिन्याला आठ-दहा पाकिटे जाऊ लागली की तीसची साठ दुकाने करावीत. तीन महिन्यांनंतरही खप तीन-चारवर अडला असेल तर दुकाने वाढवून उपयोग नाही. किंमत, रंग किंवा पाकिटाचा आकार यांपैकी काय चुकते ते दुकानदारांना विचारून आधी दुरुस्त करावे.

६. उधारी, परतीचा माल आणि लेखी अटी

उधारीची मर्यादा पहिल्याच दिवशी रुपयांत ठरवावी. सुरुवातीला ती एका खेपेएवढी, म्हणजे ६०० पाकिटांचे ३३,३०० रुपये, एवढीच असावी. पहिल्या बिलाचे पैसे आल्यावर दुसरी खेप, हा नियम मोडू नये. ‘या वेळी निम्मे घ्या, गाडी भरून पाठवा’ ही सवय एकदा लागली की मर्यादा राहत नाही.

उत्पादक म्हणून उद्यम नोंदणी करावी आणि तिचा क्रमांक बिलावर छापावा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास खरेदीदाराला व्याज लागते. २०२३-२४ या वर्षापासून असे थकवलेले पैसे खरेदीदाराला ते प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. त्यामुळे मार्चअखेर ही आठवण उपयोगी पडते. तरीही कायद्याची वेळ येणे म्हणजे संबंध तुटणे होय. खरा बचाव उधारीची मर्यादा हाच आहे.

वितरकाबरोबर एका कागदावर पुढील गोष्टी लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात :

- शहराचा कोणता भाग त्याला दिला आणि किती काळासाठी. सुरुवातीला सहा महिन्यांपेक्षा जास्त नको.
- त्या काळात महिन्याला किमान किती पाकिटे उचलावीत.
- दर, पैसे देण्याचे दिवस आणि उधारीची मर्यादा.
- कोणता माल परत घेतला जाईल. फुटलेला व खराब माल बदलून द्यावा. न खपलेला माल मुदत संपण्याच्या किमान तीन महिने आधी कळवला तरच बदलून द्यावा. रोख परत देऊ नये.
- दर बदलल्यास किती दिवस आधी कळवायचे.

शेवटच्या अटीचे महत्त्व हळदीच्या धंद्यात फार आहे. हळदीचा बाजारभाव किलोला ४० रुपयांनी वाढला तर पाकिटाचा खर्च ८ रुपये ४० पैशांनी वाढतो आणि साडेदहा रुपयांतून जेमतेम दोन रुपये उरतात. पाकिटावरची किंमत मात्र छापून झालेली असते. म्हणून एकदम वर्षभराचे पाऊच छापू नयेत आणि पंधरा दिवसांच्या सूचनेने दर बदलण्याची मुभा ठेवावी. ज्या वर्षी भाव फारच चढेल, त्या वर्षी परगावची विक्री आहे तेवढीच राखून उरलेली हळद तशीच विकणे फायद्याचे ठरू शकते. पण दुकाने चालू ठेवायची असतील तर पुरवठा तोडू नये. महिन्याला हजार पाकिटांना वर्षात सुमारे २५ क्विंटल सुकी हळद लागते. काढणीनंतरच तेवढी बाजूला काढून ठेवावी. फळी एक महिना रिकामी राहिली की तेथे दुसऱ्याचे पाकीट बसते.

७. आपणच आपल्या दुकानदाराचे प्रतिस्पर्धी होऊ नये

लातूरला प्रदर्शन भरले म्हणून आपण तेथे तेच पाकीट ५५ रुपयांना विकले, किंवा ओळखीच्यांना घरपोच ५८ रुपयांना पाठवले, तर ७२ रुपयांना विकणाऱ्या दुकानदाराला ते चार दिवसांत कळते. तो पुढची मागणी देत नाही. ज्या शहरात साखळी उभी केली, तेथे थेट विक्री छापील किमतीच्या आसपासच करावी. स्वस्त द्यायचे असेल तर आकार वेगळा ठेवावा, उदाहरणार्थ एक किलोची पिशवी प्रदर्शनात आणि २०० ग्रॅम दुकानांत.

८. कागदपत्रे

घरगुती विक्रीत चालून जाणारी त्रुटी दुकानाच्या फळीवर चालत नाही, कारण तपासणी तेथे होते आणि दुकानदार अडचणीत येतो. अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी किंवा परवाना आपल्या उलाढालीनुसार घ्यावा आणि त्याचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापावा. निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, भरल्याची तारीख, वापरण्याची मुदत, खेप क्रमांक, आपला पूर्ण पत्ता आणि ग्राहक तक्रारीसाठी दूरध्वनी हेही हवे. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर दर ग्रॅमची किंमतही छापावी लागते. आपल्या पाकिटाची ती ३६ पैसे होते.

राज्याबाहेर विक्री करताना एक गोष्ट विसरू नये. लातूरचा चांगला अनुभव आल्यावर जवळच्या बिदरला माल द्यावा असे सहज वाटते. परंतु बिदर कर्नाटकात आहे. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल तर उलाढाल कितीही थोडी असली तरी वस्तू व सेवा कराची नोंदणी आधी करावी लागते. ‘कंपोझिशन’ योजनेत असलेल्या उत्पादकाला असा माल विकता येत नाही. म्हणून नोंदणीचा प्रकार ठरवण्यापूर्वी पुढची बाजारपेठ राज्यात आहे की बाहेर, हे करसल्लागाराला सांगावे.

दुसरे शहर केव्हा घ्यावे, याची साधी कसोटी आहे. पहिल्या शहरात सलग तीन महिने दुकानांची मोजणी समाधानकारक येत असेल, येणी मर्यादेत असतील आणि पुढच्या काढणीपर्यंत पुरेल एवढी हळद घरात असेल, तरच दुसऱ्या वितरकाशी बोलावे. या तीनपैकी एक जरी नसेल तर नवे शहर घेतल्याने तीच अडचण दोन ठिकाणी होते. मोजणीसाठी एक वेगळी वही ठेवावी. तारीख, दुकान, दिलेली पाकिटे, फळीवरची शिल्लक आणि खेप क्रमांक एवढे पाच रकाने तिला पुरेसे आहेत.